पंचविसावा हप्ता



अमेरिकेत २००३ ते २००७ या काळात एक गृहकर्ज फार खपले. कागदोपत्री त्याचे नाव ‘२/२८’. मुदत तीस वर्षांची. पहिली दोन वर्षे व्याजदर ठरलेला आणि कमी, उरलेली अठ्ठावीस वर्षे बाजाराबरोबर हलणारा. सुरुवातीच्या त्या कमी दराला ‘टीझर रेट’ म्हणत, आणि तो संपून नवा दर लागू होण्याला ‘रीसेट’. ज्यांची पत कच्ची मानली जाई, म्हणजे ज्यांना सबप्राइम ग्राहक म्हणत, त्यांच्या कर्जांत या प्रकाराचा वाटा फार मोठा होता. आजच्या व्याख्यानाचा विषय एवढाच : दोन वर्षे संपली, की हप्ता नेमका किती उडतो? ती उडी कशावर ठरते? आणि तिचा अंदाज कर्जावर सही करतानाच बांधता येतो का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकायला हरकत नाही. येतो. बऱ्याच अंशी येतो, कारण त्या उडीची सामग्री करारातच छापलेली असते.

करार उघडला, की दराविषयीचे चार आकडे सापडतात. पहिला आकडा सुरुवातीचा दर. तो जाहिरातीत ठळक असतो, त्यामुळे सर्वांना पाठ. दुसरा निर्देशदर. अमेरिकेतल्या या कर्जांना बहुधा सहा महिन्यांचा लिबॉर लावलेला असे. म्हणजे लंडनमधल्या मोठ्या बँका एकमेकींना ज्या दराने पैसे देत, तो दर. यावर ना ग्राहकाचा ताबा, ना कर्ज देणाऱ्या कंपनीचा. तिसरा आकडा मार्जिन. निर्देशदर काहीही असो, त्यावर कंपनी आपले जे ठरावीक टक्के चढवते, ते मार्जिन. सबप्राइम कर्जात ते सहा टक्क्यांच्या आसपास असे आणि अठ्ठावीस वर्षे हलत नसे. चौथा आकडा मर्यादेचा : पहिल्या रीसेटला दर फार तर किती चढेल, नंतर एका वेळी किती, आणि पूर्ण मुदतीत जास्तीत जास्त किती.

निर्देशदर आणि मार्जिन यांची बेरीज म्हणजे कर्जाचा खरा दर. सुरुवातीचा दर ही दोन वर्षांची सवलत. ग्राहकाने विचारायचा प्रश्न ‘आज दर किती?’ हा नव्हताच. सवलत आजच काढून घेतली तर दर किती होईल, हा होता. दलालाच्या टेबलावर हा प्रश्न क्वचितच निघे. दलालाला दलाली कर्ज वाटपाच्या दिवशी मिळत असे, पंचविसाव्या महिन्यात नव्हे.

आता हिशेब. अमेरिकेच्या बँक नियामकांनी २००७ च्या उन्हाळ्यात सबप्राइम कर्जांविषयी एक संयुक्त निवेदन काढले. त्यात समजावण्यापुरते एक कल्पित उदाहरण होते. तेच घ्यावे, त्याचे आकडे गोल आहेत आणि त्या वेळच्या बाजाराला धरून आहेत. कर्ज २ लाख डॉलर, मुदत ३० वर्षे. सुरुवातीचा दर ७ टक्के. लिबॉर साडेपाच, मार्जिन सहा, म्हणजे खरा दर साडेअकरा. मर्यादा अशी, की एका वर्षात दर तीनपेक्षा जास्त चढणार नाही. कर्जदाराचे उत्पन्न वर्षाला ४२,००० डॉलर, महिन्याला साडेतीन हजार. घराचा कर आणि विमा मिळून महिन्याला २०० डॉलर वेगळे.

सात टक्क्यांनी तीस वर्षांचा हप्ता निघतो १,३३१ डॉलर. तो चोवीस महिने इमानेइतबारे भरला. एकूण भरले सुमारे ३१,९०० डॉलर. मुद्दल किती उतरले? फक्त ४,२१० डॉलर. बाकी सगळे व्याजात गेले. हे फसवणुकीने झालेले नाही, दीर्घ मुदतीच्या प्रत्येक कर्जात सुरुवातीला हेच होते. पण रीसेटच्या हिशेबात ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते. कर्जदाराला वाटत असते, की दोन वर्षे हप्ते भरले, आता ओझे हलके झाले असेल. ओझे जवळपास तेवढेच असते : १,९५,७९० डॉलर.

चोविसावा हप्ता भरला आणि दर बदलला. सात अधिक तीन, दहा टक्के. व्याज महिना संपल्यावर आकारले जाते, म्हणून चढ्या दराचा पहिला फटका दिसतो तो पंचविसाव्या हप्त्यात. नवा हप्ता काढताना मूळ दोन लाख आणि तीस वर्षे धरायची नसतात. शिल्लक मुद्दल १,९५,७९०, उरलेले महिने ३३६ आणि नवा दर दहा टक्के, असे धरायचे. उत्तर येते १,७३९ डॉलर. महिन्याला ४०८ डॉलरची वाढ, म्हणजे जवळजवळ ३१ टक्के.

इथे थोडे थांबायला हवे. दर सातवरून दहावर गेला, म्हणजे दरातली वाढ ४३ टक्के. मग हप्ता ३१ टक्केच का वाढला? उरलेले बारा टक्के कंपनीने सोडले का? मुळीच नाही. पंचविसाव्या महिन्यात सात टक्क्यांनी व्याज झाले असते १,१४२ डॉलर, आणि मुद्दलात १८९ डॉलर पडले असते. दहा टक्क्यांनी व्याज झाले १,६३२, आणि मुद्दलात पडले १०७. म्हणजे व्याज ४९० डॉलरने वाढले, पण हप्त्यातला मुद्दलाचा भाग ८२ डॉलरने आटला, म्हणून हप्त्यात वाढ दिसली ४०८. हप्त्याची उडी दराच्या उडीपेक्षा लहान दिसते ती यामुळे. कर्ज जितके जुने आणि हप्त्यात मुद्दलाचा वाटा जितका मोठा, तितका हा फरक मोठा. कर्ज नवे असेल, तर हप्त्याची उडी दराच्या उडीच्या जवळ जाते. दोन वर्षांनंतरचा रीसेट कर्जाच्या अगदी कोवळ्या वयात येतो, म्हणूनच तो इतका झोंबतो.

आणि उडी इथे संपत नाही. मर्यादेमुळे दर दहावर अडला होता. खरा दर साडेअकराच आहे. एक वर्षाने, लिबॉर जराही न हलता, उरलेला दीड टक्का लागू होतो. शिल्लक १,९४,४४६, उरलेले महिने ३२४, हप्ता १,९५२ डॉलर. मूळ हप्त्यापेक्षा ४७ टक्के जास्त. पुन्हा एकदा लक्षात घ्यावे : या सर्व काळात बाजारात काहीही घडलेले नाही. कोणत्याही मध्यवर्ती बँकेने दर वाढवलेले नाहीत. हा पन्नास टक्क्यांच्या आसपासचा झटका पहिल्या दिवशीच करारात होता.

उत्पन्नाच्या बाजूने पाहिले तर चित्र आणखी स्पष्ट होते. कर आणि विम्याचे २०० डॉलर धरून घराचा मासिक खर्च आधी १,५३१, मग १,९३९, मग २,१५२. साडेतीन हजारांच्या मिळकतीत हा वाटा ४४ टक्क्यांवरून ५५ वर आणि तिथून ६१ वर जातो. ही मिळकत आयकर कापण्यापूर्वीची. खाणे, गाडी, औषधपाणी, मुले, सगळे उरलेल्यात. ४४ टक्केसुद्धा जड होते. ६१ टक्के भरणारे कुटुंब सापडणे कठीण. शिवाय या कर्जांत बऱ्याचदा घरपट्टी आणि विमा हप्त्यात धरलेलाच नसे. तो वर्षातून एक-दोनदा गठ्ठ्याने भरावा लागे, त्यामुळे जाहिरातीतला हप्ता आणखी लहान दिसे.

मग प्रश्न पडतो, की कर्ज मंजूर करणाऱ्याने हा हिशेब केला नव्हता का? अनेकांनी तो सात टक्क्यांवरच थांबवला. दोन वर्षांच्या हप्त्याला मिळकत पुरते, म्हणजे कर्ज बसते! नियामकांच्या २००७ च्या निवेदनाचा मुख्य रोख इथेच होता : परतफेडीची ताकद खऱ्या दरावर तपासा, सवलतीच्या दरावर नव्हे. पुढे २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याखाली जे नियम आले आणि जानेवारी २०१४ पासून लागू झाले, त्यांनी हेच बंधनकारक केले. पण तोवर कर्जे वाटून झाली होती.

आता दुसरा मुद्दा. हिशेब इतका उघड होता, तर दोन्ही बाजूंनी सह्या का केल्या? कारण पंचविसावा हप्ता कोणी भरायचाच नव्हता, असे दोघेही धरून चालले होते. कल्पना अशी, की दोन वर्षांत घराची किंमत वाढेल, कर्जदाराची पतही सुधारेल, आणि तो जुने कर्ज फेडून नवे, पुन्हा दोन वर्षे स्वस्त असलेले कर्ज घेईल. अर्थतज्ज्ञ गॅरी गॉर्टन यांनी या रचनेचे मर्म नेमके सांगितले आहे : रीसेटचा चढा दर हा कर्जदाराला दोन वर्षांनी पुन्हा कंपनीच्या दारात आणण्यासाठी होता. घराची किंमत वाढली असेल तर कंपनी नवे कर्ज देईल, नसेल तर देणार नाही. निर्णय तिच्या हाती.

वरच्याच उदाहरणात घराची किंमत २,२२,००० डॉलर होती असे समजू; म्हणजे कर्ज किमतीच्या नव्वद टक्के. दोन वर्षांत किंमत दहा टक्क्यांनी वाढली, तर घर २,४४,२०० चे झाले आणि १,९५,७९० ची शिल्लक त्याच्या ऐंशी टक्क्यांवर आली. असे कर्ज घ्यायला दुसरी कंपनी आनंदाने तयार. किंमत पंधरा टक्क्यांनी पडली, तर घर १,८८,७०० चे. शिल्लक त्याहून सात हजारांनी जास्त. आता दुसरी कंपनी दार उघडत नाही, आणि घर विकले तरी कर्ज फिटत नाही. एकच कर्ज, एकच कर्जदार, एकच पगार. निकाल मात्र घरबाजार लावतो.

त्यातही एक कुलूप होते. मुदतीआधी कर्ज फेडले तर दंड, बहुधा सहा महिन्यांच्या व्याजाइतका. वरच्या शिलकीवर सात टक्क्यांनी तो ६,८५० डॉलरच्या आसपास भरतो. दोन वर्षांत उतरलेल्या मुद्दलापेक्षा हा दंडच मोठा! दंडाची मुदत दोन वर्षे असेल, तर रीसेटच्या दिवशी तो संपत असे. पण काही करारांत ती तीन वर्षांची होती. म्हणजे सवलत चोवीस महिन्यांत संपली आणि दंड छत्तीस महिने चालला. मधले बारा महिने चढा हप्ता भरा, नाहीतर दंड भरा. करार वाचणाऱ्याने या दोन तारखा शेजारी मांडल्या असत्या, तर पुरे होते.

इथवर ऐकून कोणालाही वाटेल, की २००७ ते २००९ मधल्या थकबाकीचे आणि जप्त्यांचे कारण रीसेटच असणार. असे पुष्कळदा लिहिलेही गेले. पण नोंदी तसे सांगत नाहीत, आणि हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अर्थतज्ज्ञांनी कर्जांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसले, की थकलेल्या अनेक कर्जांत रीसेटची तारीख अजून यायचीच होती. लोक सवलतीच्या दरातच, तेराव्या, अठराव्या महिन्यातच अडखळत होते. कोणाची नोकरी गेली, कोणाच्या घरी आजारपण आले. आणि घराची किंमत पडलेली असल्याने विकून मोकळे होण्याचा मार्ग बंद.

दुसरे असे, की सवलत किती खोल आहे हे निर्देशदरावर अवलंबून असते. २००३ च्या मध्यावर फेडरल रिझर्व्हचा दर १ टक्का होता आणि लिबॉरही त्याच्या जवळपास. त्यात सहा मिळवा, खरा दर सातच्या थोडा वर. म्हणजे त्या वेळी सात टक्क्यांचा टीझर फारसा टीझर नव्हताच. जून २००४ ते जून २००६ या दोन वर्षांत फेडरल रिझर्व्हने सतरा वेळा दर वाढवून तो सव्वापाचवर नेला. लिबॉर मागोमाग गेला, आणि खरा दर साडेअकराला भिडला. उलट डिसेंबर २००८ मध्ये फेडरल रिझर्व्हने आपला दर शून्याच्या आसपास आणला. पुढे २००९ मध्ये लिबॉर एक टक्क्याच्या आगेमागे घुटमळत असताना ज्या कर्जांचा रीसेट झाला, त्यांचा खरा दर सुरुवातीच्या दराएवढाच किंवा त्याहून खाली निघत होता. मात्र पुष्कळ करारांत दर सुरुवातीच्या पातळीखाली उतरणार नाही अशी अट होती, त्यामुळे घसरणीचा फायदा सर्वांना झाला नाही. डिसेंबर २००७ मध्ये अमेरिकी सरकारने काही कर्जदारांचे टीझर दर पाच वर्षे गोठवण्याची योजना जाहीर केली होती. वर्षभरातच लिबॉर इतका खाली आला, की गोठवण्याजोगी उडी अनेक कर्जांत उरलीच नाही.

तेव्हा रीसेटची उडी खरी, पण तिचा आकार दोन हिश्श्यांत मोजायचा. एक हिस्सा करारातच पक्का : सवलतीचा दर आणि सहीच्या दिवशीचा खरा दर यांतले अंतर. दुसरा हिस्सा दोन वर्षांत निर्देशदर किती हलला त्याचा. पहिला ग्राहकाला आधी मोजता येतो. दुसरा कोणालाच येत नाही, फक्त त्याला मर्यादेचे कुंपण असते.

हा खेळ भारतात आला नाही का? आला, पण वेगळ्या रूपात. मंदीच्या सावटात, २००९ मध्ये, स्टेट बँकेने पहिल्या वर्षी ८ टक्के दराचे गृहकर्ज बाजारात आणले. पुढच्या योजनेत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेआठ आणि मग बदलता दर. इतर बँकाही मागे राहिल्या नाहीत. स्टेट बँकेचे म्हणणे होते, की परतफेडीची ताकद आपण पुढच्या दरावर तपासतो, त्यामुळे अमेरिकेशी तुलना नको. रिझर्व्ह बँकेला मात्र धोका दिसत होता. नोव्हेंबर २०१० मध्ये तिने अशा कर्जांवरची तरतूद ०.४० टक्क्यांवरून २ टक्के केली. तीस लाखांच्या कर्जामागे बँकेला बारा हजारांऐवजी साठ हजार रुपये बाजूला ठेवणे भाग पडले. ही वाढीव तरतूद दर चढल्यानंतर एक वर्ष कर्ज नीट चालले तरच सुटणार होती. पंचविसावा हप्ता वर्षभर निभतो का, हे पाहिल्याशिवाय कर्ज चांगले म्हणायचे नाही, असा त्याचा अर्थ. दरम्यान मार्च २०१० ते ऑक्टोबर २०११ या काळात रेपो दर तेरा वेळा वाढून साडेआठवर गेला.

भारतातली उडी वेगळी दिसते, कारण इथे दर वाढला की बँक सहसा हप्ता वाढवत नाही, मुदत वाढवते. ‘ईएमआय तोच आहे ना?’ म्हणून कर्जदार निर्धास्त. तीस लाखांचे कर्ज, वीस वर्षे, पहिली दोन वर्षे साडेआठ टक्के, असे उदाहरण करून पाहू. हप्ता २६,०३५ रुपये. दोन वर्षांनी शिल्लक सुमारे २८ लाख ७५ हजार, उरलेली मुदत अठरा वर्षे. दर दहा झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर अठरा वर्षांची पंचवीस वर्षे होतात. साडेदहा झाला, तर बत्तीस वर्षे. पस्तिशीत कर्ज घेतलेला माणूस एकोणसत्तराव्या वर्षी मोकळा होणार. आणि अकरा झाला तर? त्या महिन्याचे व्याजच होते २६,३५७ रुपये. हप्ता २६,०३५. व्याजसुद्धा निघत नाही! तीनशेहून अधिक रुपये दरमहा मुद्दलात भर घालू लागतात आणि कर्ज फिटण्याऐवजी फुगत जाते. मुदत कितीही ताणा, ते संपणार नाही. अठरा वर्षांतच फेडायचे असेल, तर हप्ता ३०,६२३ करावा लागतो, म्हणजे साधारण साडेसतरा टक्के जास्त.

हे ओळखायची खूण सोपी आहे. वार्षिक विवरणात मुद्दल आणि व्याज यांचे दोन रकाने असतात. दर बदलल्यानंतरच्या महिन्यात मुद्दलाचा रकाना किती आटला, तेवढे पाहावे. तो शून्याजवळ आला असेल, तर ‘हप्ता तोच’ या दिलाशाला अर्थ नाही. ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने यावरच बोट ठेवले. दर बदलला तर हप्ता आणि मुदत यांवर काय परिणाम होईल हे मंजुरीच्या वेळीच सांगायचे. रीसेटच्या वेळी हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, हे ग्राहकाला निवडू द्यायचे. स्थिर दराकडे जाण्याचा पर्याय द्यायचा, असेही तेव्हा म्हटले होते. आणि मुदत वाढवताना हप्ता व्याजापेक्षा लहान राहू द्यायचा नाही. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड बँकांनी वैयक्तिक ग्राहकाकडून घ्यायचा नाही, असा नियम २०१२ पासून आहेच. त्यामुळे अमेरिकेतल्या छत्तीस महिन्यांच्या कुलपासारखे कुलूप इथे बँकेच्या गृहकर्जाला नाही; दर चढल्यावर दुसऱ्या बँकेकडे कर्ज हलवता येते, फक्त त्या बँकेचे प्रक्रिया शुल्क आणि कागदपत्रांचा खर्च वाचलेल्या व्याजातून वजा करून पाहावा लागतो.